‘ग्रेड ए’ लॅपटॉप: ते अक्षर कशाबद्दल बोलतं आणि माल परत कधी करता येतो

प्रश्न: मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप घ्यायचाय. नाशिकमध्ये एका दुकानात रिफर्बिश्ड ‘ग्रेड ए’ २७,००० ला सांगतायत. ऑनलाइन एक ‘ओपन बॉक्स, लाइक न्यू’ ४२,००० ला दिसतोय. हे ग्रेड नेमके काय असतात, कोण ठरवतं? आणि घरी आणल्यावर नाही पटला तर परत करता येतो का? दुकानदार म्हणतो, “सात दिवस टेस्टिंग वॉरंटी आहे, काळजी करू नका.”

उत्तर:

ग्रेड विकणाराच ठरवतो. आपल्याकडे ‘ए’ म्हणजे अमुकच असा कायदा नाही. त्यामुळे दोन दुकानांतले दोन ‘ए’ एकमेकांशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. मी पुण्यात सोळा वर्षं हाच धंदा करतोय. कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले लॅपटॉप लॉटने उचलायचे, तपासायचे, लागेल ते बदलायचे आणि ग्रेडची चिठ्ठी लावून विकायचे. म्हणून आधी ती चिठ्ठी कशी लागते ते सांगतो, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

दीडशे-दोनशे पिसांचा लॉट आला की ग्रेडिंगवाला मुलगा टेबलाशी ट्यूबलाइटखाली बसतो. पीस फडक्यानं पुसतो, झाकण बंद करून उजेडात तिरकं धरतो, कारण सरळ धरलं तर बारीक ओरखडे दिसत नाहीत. आमच्या भाषेत लॅपटॉपला चार पॅनल असतात: वरचं झाकण ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, कीबोर्ड आणि हात टेकायची जागा सी, खालचा तळ डी. (त्यामुळे “ए पॅनल बी ग्रेड आहे” अशी वाक्यं आमच्याकडे दिवसभर चालतात आणि नवीन पोरगं पहिला आठवडा गोंधळलेलं असतं.) चारी पॅनल बघून झाली की स्क्रीन पांढरी करून डाग बघायचे, काळी करून ठिपके बघायचे, कीबोर्डवर बोट फिरवून कुठली बटणं घासून चकाकतायत ते बघायचं, झाकण उघडून हिंज ढिली आहे का ते बघायचं. मग अक्षर. एका पिसाला फार तर मिनिटभर लागतो.

आमच्याकडे ‘ए’ म्हणजे हातभर अंतरावरून, स्क्रीन चालू असताना, एकही खूण नजरेत भरत नाही. जवळून बघितलं तर एकदोन केसासारखे ओरखडे चालतात. ‘बी’ म्हणजे खुणा दिसतात: कंपनीचा ॲसेट टॅग सोलून काढल्याचा चौकोन, कोपऱ्यावरचा टोला, हात टेकून गुळगुळीत झालेली जागा. पण तडा नाही आणि स्क्रीनवर वाचताना आड येईल असा डाग नाही. ‘सी’ म्हणजे पिचका कोपरा, स्क्रीनवर दाब पडून आलेला पांढुरका ठिपका, एखादं बटण दुसऱ्या मशीनचं. ‘ए प्लस’ हा बहुतेक वेळा विक्रीसाठी जोडलेला अधिक आहे. कधी त्याचा अर्थ पॅनल बदललंय किंवा वरून व्हिनाइलची स्किन चढवलीय, एवढाच असतो. स्किन चढवलेला पीस ओळखायचा असेल तर झाकणाच्या कडेला नख लावून बघा, कड उचलली जाते. खालचा ‘बी’ लपवायला स्किन लावणं हा जुना उद्योग आहे.

आता यात एक गोष्ट लक्षात आली असेल. त्या मिनिटभरात बॅटरी कुणी मोजली नाही. एसएसडी किती तास चालली ते बघितलं नाही, प्रोसेसर कुठल्या पिढीचा हेही अक्षरात आलं नाही. अक्षर फक्त कातडीबद्दल बोलतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुनर्वापरासाठी ‘आर२’ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात बाह्यरूपाची श्रेणी आणि कामाची श्रेणी या दोन वेगळ्याच ठेवल्या आहेत. चांगल्या दुकानात दुसऱ्या श्रेणीच्या जागी तपासणीचा कागद असतो: बॅटरी, डिस्क, पोर्ट, वेबकॅम, वायफाय, एकेका ओळीत. तो कागद मागा. नुसतं “सगळं चेक केलेलं आहे” म्हणाले तर फक्त अक्षर लागलंय असं धरून चाला.

म्हणूनच ओळखीचं कुणी विचारायला आलं की मी सांगतो, जुन्या पिढीचा चकचकीत ‘ए’ घेण्यापेक्षा नव्या पिढीचा ओरखडलेला ‘बी’ घ्या. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचा माल त्यामुळे बाजारात स्वस्त झाला, आणि त्यातले बरेच पीस दिसायला खरोखर ‘ए’ आहेत. तुमच्या २७,००० च्या पिसाचा मॉडेल नंबर तुम्ही लिहिलेला नाही. आधी तो विचारा. अक्षर नंतर.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती बॅटरीवरून. तिची तपासणी दुकानातच दोन मिनिटांत होते. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावते ती, असे दोन आकडे दिसतात. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की आरोग्य कळतं. `CYCLE COUNT` ची ओळही असते, पण काही मशीनवर ती रिकामी येते, त्याचा बाऊ करू नका. दोन आकडे तंतोतंत सारखे आणि सायकल शून्य असतील तर नवी बॅटरी टाकलेली आहे. त्यात वावगं काही नाही, फक्त `MANUFACTURER` च्या ओळीत काय आलंय ते बघा आणि ती मूळ कंपनीची की बाजारातली, हे विचारून घ्या. बाजारातल्या स्वस्त बॅटऱ्या कागदावर शंभर टक्के दाखवतात आणि चाळीसवरून एकदम पाचवर घसरतात. त्यावर उपाय एकच: चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवायचा आणि टक्के सावकाश उतरतात की उड्या मारतात ते बघायचं. आणि टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं, दाबायला कडक लागलं, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. असा पीस ‘ए’ असो की ‘ए प्लस’, तिथेच ठेवून या.

हे आकडे महत्त्वाचे का, ते एका प्रसंगातून सांगतो, कारण परत करण्याचा हक्क इथेच सुरू होतो.

दीडेक वर्षापूर्वी ओळखीचे एक शिक्षक माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले. ऑनलाइन मागवलेला होता, माझ्याकडचा नव्हता. लिस्टिंगवर “रिफर्बिश्ड, ग्रेड ए, बॅटरी ८०% हून अधिक” असं लिहिलेलं. पीस दिसायला सुरेख, मीही त्याला ‘ए’च दिला असता. पण बॅटरी दीड तासात संपायची. रिपोर्ट काढला: मूळ क्षमता ६०,००० मिलिवॉट-तास, आजची ३८,७००. म्हणजे साडेचौसष्ट टक्के. सहाशेच्या वर सायकल. त्यांनी विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, “बॅटरी आणि अडॅप्टर वॉरंटीत येत नाहीत, बिलाच्या मागे लिहिलंय.” सर हिरमुसले होते. त्यांना वाटलं, नियमच तसा आहे तर काय करणार.

इथे विक्रेत्यानं दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली होती. वॉरंटी म्हणजे पुढे काही बिघडलं तर काय, याचं वचन. त्यातून बॅटरी वगळायला हरकत नाही, धंद्यात सगळेच वगळतात. पण सरांची तक्रार पुढे बिघडण्याची नव्हतीच. माल हातात पडला त्या दिवशीच तो वर्णनाप्रमाणे नव्हता. हा प्रश्न वॉरंटीचा नाही, वर्णनाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बघितली तर कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जासोबत विक्रेत्याने “कोणत्याही प्रकारे दावा केलेला” दर्जाही धरला आहे. त्या दर्जात उणीव असेल तर तो दोष. ८० टक्के लिहिलं आणि ६४ निघाले, तर तो माल दोषयुक्त, मग तो सेकंडहँड असला तरी. आणि ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

सरांना आम्ही दुकानात बसूनच नवीन तक्रार लिहून दिली. त्यात ‘वॉरंटी’ हा शब्द एकदाही वापरला नाही. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, बॅटरी रिपोर्टची फाइल, मशीनच्या तळावरचा सिरियल नंबर आणि तोच नंबर बिलावर, असे चार पुरावे जोडले. एकच मागणी: माल वर्णनाप्रमाणे नाही, परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. ही तक्रार विक्रेत्याला नाही, प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. आठवड्यात पिकअप झाला, पैसे परत आले. लिस्टिंगवर ८० चा आकडा नसता, नुसतं ‘ग्रेड ए’ असतं, तर हेच प्रकरण मला इतक्या सहज लढवता आलं नसतं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. “घरी आणला आणि मनाला पटला नाही” एवढ्यावर परत करण्याचा सरसकट हक्क भारतात नाही. दुकान किंवा साइट सात-दहा-पंधरा दिवस देत असेल तर ते त्यांचं धोरण आहे, त्यांच्याच अटींवर चालतं, आणि त्यात बऱ्याचदा “फक्त बदलून मिळेल” असं असतं. माल सदोष किंवा वर्णनाबाहेरचा निघाला तर मात्र हक्क कायद्याचा आहे. बिलावर छापलेलं “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” हे वाक्य त्याला अडवू शकत नाही. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं याला २०१९ चा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे, आणि जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणंही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही माझ्यासारख्या दुकानदाराशी नाहक भांडाल. जी खोड विक्रेत्यानं आधीच स्पष्ट सांगितली, तिच्यावरून माल परत करता येत नाही. ‘ग्रेड सी, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका’ असं वाचून घेतलंत तर ठिपका हा दोष नाही, तो वर्णनाचाच भाग आहे. तसंच दुकानात हातात घेऊन, उलटून-पालटून बघितलेल्या पिसाचं. माल विक्री कायदा, १९३० असं सांगतो की खरेदीदारानं माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते त्या दोषांपुरतं विक्रेत्यावर गुणवत्तेचं बंधन राहत नाही. झाकणावरचा टोला घरी जाऊन ‘दिसला’ म्हणून चालत नाही. आतला बिघाड, जो काउंटरवर कुणालाच दिसला नसता, त्याचा हक्क शाबूत राहतो. त्यामुळे दुकानातली खरेदी आणि ऑनलाइन खरेदी यात फरक पडतो: दुकानात दिसण्याची जबाबदारी बरीचशी तुमच्यावर येते, ऑनलाइन ती लिस्टिंगवर राहते.

‘टेस्टिंग वॉरंटी’ हा शब्द बाजारातला आहे, कायद्यातला नाही. साधारण अर्थ असा: सात दिवसांत काही बिघाड निघाला तर दुकान दुरुस्त करून देईल किंवा दुसरा पीस देईल. पैसे परत हा त्यात क्वचित असतो. तुमच्या दुकानदाराला एवढंच विचारा, “सात दिवसांत बिघडला तर काय देणार: दुरुस्ती, बदली की पैसे?” आणि जे म्हणेल ते बिलावर लिहून घ्या. सात दिवसांनंतर किती महिने सर्व्हिस, तेही. काही ठिकाणी मशीन उघडू नये म्हणून स्क्रूवर कागदी सील लावतात, ते फाटलं की वॉरंटी नाकारतात. म्हणून मुलीच्या मित्राला रॅम वाढवायला देण्याआधी मुदत संपू द्या, किंवा रॅम त्याच दुकानातून टाकून घ्या.

आता ओपन बॉक्स. याच्या आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी यात फसतं. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ म्हणजे डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर खोकं फोडून माल दाखवतो, ती फक्त पोचवण्याची पद्धत आहे. माल नवाच असतो. आणि ‘ओपन बॉक्स’ माल म्हणजे ज्याचं खोकं आधीच कुणीतरी फोडलेलं आहे. दोन्हींत शब्द तेच, वस्तू वेगळी. बरं, त्या डिलिव्हरीच्या वेळी तुम्ही ओटीपी दिला की बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीची तक्रार पुढे जड जाते, तेवढं लक्षात ठेवा.

ओपन बॉक्स माल तीन वाटांनी येतो. कुणी घेऊन दोन दिवसांत परत केला, कारण रंग आवडला नाही किंवा गेम चालला नाही. खोकं वाहतुकीत चेपलं, आत काही झालेलं नाही. किंवा शोरूमच्या काउंटरवरचा डेमो पीस. पहिले दोन खरोखर ‘लाइक न्यू’ असतात आणि माझ्या मते हा सौदा रिफर्बिश्डपेक्षा सुरक्षित आहे. तिसरा मात्र दिवसाचे दहा-बारा तास, महिनोन्‌महिने, चार्जर लावून चालू ठेवलेला असतो. कातडीवर त्याची काहीच खूण नसते, कारण शोरूममध्ये रोज पुसतात. तो ओळखायला एसएसडीचे तास बघायचे. CrystalDiskInfo नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडलं की `Power On Hours` असा आकडा दिसतो. ग्राहकानं परत केलेल्या पिसावर तो दहा-वीस किंवा पन्नास असेल. हजाराच्या पुढे गेला तर ‘लाइक न्यू’ म्हणणाऱ्याला जाब विचारा. डेमो पीस घेऊच नये असं नाही, पण त्याची किंमत डेमोची हवी आणि बॅटरी रिपोर्ट आधी बघायला हवा.

ओपन बॉक्समधली खरी ग्यानबाची मेख म्हणजे कंपनीची वॉरंटी कधी सुरू झाली. ती साधारणपणे पहिल्या विक्रीच्या दिवशी सुरू होते, तुमच्या नाही. माल पाच महिने गोदामात पडून मग तुमच्याकडे आला तर ‘एक वर्ष वॉरंटी’तले सातच महिने उरलेले असतात. लिस्टिंगमध्ये सिरियल नंबर नसतो, पण माल हातात आला की पहिल्या संध्याकाळी तळावरचा सिरियल कंपनीच्या सपोर्ट पानावर टाका, संपण्याची तारीख दिसते. लिस्टिंगवर “ब्रँड वॉरंटी १ वर्ष” असं असून तारीख सात महिन्यांची निघाली, तर पुन्हा तेच: वर्णनाप्रमाणे माल नाही, आणि मुदतीत परत. काही कंपन्या बिल दाखवलं की सुरुवातीची तारीख दुरुस्त करून देतात, म्हणून आधी त्यांना विचारून बघा. उलट रिफर्बिश्डची वॉरंटी बहुतेक वेळा कंपनीची नसतेच, ती विकणाऱ्याची असते. मशीन घेऊन त्याच्याच दुकानात जावं लागतं, आणि दुकान उठलं की वॉरंटीही उठली.

परदेशातून भावाकडून मागवायचा विचार अनेकजण करतात, म्हणून थोडक्यात. तिथे ग्रेडला हक्क पक्के बांधलेले दिसतात. इंग्लंडमध्ये ऑनलाइन घेतलेला माल, सेकंडहँडसुद्धा, दुकानदाराकडून घेतला असेल तर १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो आणि सदोष निघाला तर ३० दिवसांत थेट नाकारता येतो. पण ते हक्क तिथल्या विक्रेत्याविरुद्ध आहेत. लॅपटॉप बॅगेतून नाशिकला आला की ते कागदावर राहतात, आणि कीबोर्डवर रुपयाच्या जागी पाउंड असतो तो वेगळाच.

आता माझी स्वतःची एक चूक, कारण तीच तुम्हाला पैसे वाचवून देईल. काही वर्षांपूर्वी भाच्यासाठी मी एका लॉटवाल्याकडून, घाईत, एक छान ‘ए’ पीस घेतला. विंडोज टाकलेलं होतं, सगळं चालत होतं. तीन आठवड्यांनी त्यानं मशीन रीसेट केलं, वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर एका कंपनीचं नाव आलं: तुमच्या ऑफिसच्या ईमेलनं साइन इन करा. पुढे जाताच येईना. कंपनीनं ते मशीन आपल्या व्यवस्थापनात नोंदवलेलं होतं आणि भंगारात काढताना नोंद काढायची राहिली होती. ही नोंद मदरबोर्डाशी बांधलेली असते, नवी एसएसडी टाकून जात नाही. ती काढू शकते फक्त ती मूळ कंपनी. लॉटवाल्यानं इंटरनेट न जोडता सेटअप केला होता म्हणून ती तोवर झाकून राहिली. त्याची सात दिवसांची मुदत तर केव्हाच संपली होती. ओळखीवर मला पीस बदलून मिळाला, पण ओळख नसती तर मी तो पार्टमध्येच काढला असता. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक पीस इंटरनेट जोडून, शून्यापासून सेटअप करूनच बाहेर जातो.

तुम्हीही तेच करायचं. मुदत चालू असताना, मुलीचा एकही प्रोजेक्ट त्यात जाण्याआधी, `Settings` मधून `Reset this PC` करा, `Remove everything` निवडा, आणि सुरुवातीच्या पडद्यावर वायफाय जोडून पुढे जा. कुठल्याही कंपनीचं नाव न येता तुमचा खासगी ईमेल घेतला तर मशीन मोकळं आहे. रीसेटच्या आधी विंडोज खरं आहे का तेही बघून ठेवा:

```
slmgr /dli
```

छोटी खिडकी उघडते. तिच्यात `VOLUME_KMSCLIENT` असं आलं तर ते एखाद्या संस्थेच्या लायसन्सवर किंवा जुगाडानं चालू केलेलं आहे, आणि अशी ॲक्टिव्हेशन १८० दिवसांची असते, नंतर नूतनीकरण लागतं. “ओरिजिनल विंडोज” सांगून हे दिलं असेल तर तोही वर्णनातला दोष. बिझनेस लॅपटॉपच्या मदरबोर्डातच बहुधा मूळ की असते, त्यामुळे साध्या रीसेटनं ते पुष्कळदा आपोआप सुटतं.

ऑनलाइनवाला घ्यायचं ठरलं तर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग चिकटपट्टी कापताना, मग मशीन बाहेर, मग तळावरचा सिरियल. मध्ये कॅमेरा बंद करू नका. आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढा, कारण माल संपला की ते पान बदलतं. विक्रेता आणि प्लॅटफॉर्म दोघांनी हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार नाशिकला, तुम्ही राहता तिथे, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. २७,००० साठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पुरावे जोडलेलं नीट पत्र गेलं की बहुतेकजण त्याआधीच वठणीवर येतात.

दोन्हींत मी काय घेईन? दुकानातला पीस आठव्या पिढीच्या आतला असेल तर तो नकोच. दहाव्या किंवा अकराव्या पिढीचा असेल, १६ जीबी रॅम असेल आणि रिपोर्टमध्ये बॅटरी ऐंशीच्या आसपास निघाली, तर पहिल्या वर्षाच्या कोडिंगला तो भरपूर झाला, आणि वाचलेल्या १५,००० तून दोन वर्षांनी बॅटरी बदलूनही पैसे उरतील. मुलगी कॅड किंवा व्हिडिओवालं काही शिकणार असेल तर ४२,००० चा बघा, पण वॉरंटीची तारीख आणि एसएसडीचे तास पहिल्याच संध्याकाळी तपासण्याच्या बोलीवर.

दुकानातला घेतलात तर बिलावर हे असंच लिहून घ्या: “रिफर्बिश्ड, मॉडेल अमुक, सिरियल अमुक, बॅटरी आरोग्य अमुक टक्के, विंडोज मूळ लायसन्सचं, कोणत्याही कंपनीच्या नोंदीतून मुक्त, ७ दिवसांत बिघाड निघाल्यास बदली किंवा परतावा, त्यानंतर इतके महिने सर्व्हिस.” दोन ओळींचं काम आहे. मी स्वतः गिऱ्हाइकाला हे लिहून देतो आणि त्यानं माझं काही अडत नाही. तुमचा दुकानदार ‘ग्रेड ए’ लिहायला तयार आहे पण बॅटरीचा आकडा लिहायला तयार नाही, असं झालं तर पैसे काढण्याआधी त्याच्याच समोर `powercfg` चालवून बघा.